तबकाची उजवी बाजू

ता. ३

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

फोनवर मला आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही, म्हणून पत्र. आपल्या सूनबाईने (तुमची लेक, पण माझी सून आधी!) लहान मुलांसाठी केलेला आरतीच्या तबकाचा व्हिडिओ पाहिला. दुकानातल्या कटिंग मास्तरांनी फोन शिलाई मशीनवर टेकवून दाखवला. काजं करणाऱ्या बाईही काम टाकून आल्या आणि सगळ्यांनी तुमचं तोंडभरून कौतुक केलं. आवाज मला कळला नाही, चित्र मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिलं.

सरळच सांगते, माझ्या पोटात दुखलं. तबक माझं. पितळेचं, काठ वळलेलं, लग्नात मीच सूनबाईला दिलेलं. आणि त्याच्यामागे चेहरा तुमचा! चिंगी तुमच्या मांडीला टेकून बसलेली. मी इथे परक्यांच्या बाह्या जोडत बसते आणि नात दिवसाआड तुमच्याकडे, याचा हेवा मला पहिल्यापासून आहे. तो आज जरा जास्त झाला इतकंच.

आता चुका. अक्षता जवळून दाखवल्यात तेव्हा त्यात कणी दिसली. अक्षता म्हणजे न मोडलेले तांदूळ. देवाला द्यायचं ते अखंड, अर्धंमुर्धं नाही, हाच त्यांचा अर्थ. तुटका दाणा दाखवून मुलांना काय कळणार? निरांजनात तुपाची फुलवात होती, ते बरोबर. पण मुख्य गोष्ट, तुम्ही ओवाळलंत ते उलटं! तबक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात. चिंगीने तेच उचललं असेल तर कठीण आहे.

लोभ आहे तेवढा असावा. तो वाढवायचा का, ते ओवाळणं सुधारल्यावर बघू.

आपली,
चिंगीची लांबची आजी

ता. ९

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, मग चहा घेतला, मग परत राग आला. कणीची चूक कबूल. चाळणी न लावता तांदूळ घेतले. पण ओवाळणं माझं सुलटच होतं. मी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसले होते. माझा उजवा हात तुमच्या डावीकडे दिसणार आणि माझं सुलटं तुम्हाला उलटं दिसणार. विश्वास नसेल तर तुमच्या मास्तरांना समोर उभं करून ओवाळायला लावा. जन्मभर बालवाडीत मुलांसमोर हात वर करून कवायत घेतली आहे मी, डावं-उजवं मला शिकवू नका.

मी काय बोलले ते तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते. हळद-कुंकू म्हणजे मंगल, सगळ्यांचं भलं व्हावं ही इच्छा. फूल म्हणजे आपल्याकडचं ताजं, कोमल ते द्यायचं. उदबत्ती स्वतः जळते आणि वास दुसऱ्यांना देते. निरांजन म्हणजे उजेड, अज्ञान घालवणारा. घंटा डाव्या हातात. तिचा नाद इकडेतिकडे पळणारं मन परत आणतो. साखर नैवेद्याची, आधी देवाला आणि मग आपल्याला. कापूर शेवटी. तो जळून मागे काही उरत नाही, तसा मीपणा जावा. पंचमहाभूतंही सांगितली. गंध पृथ्वी, उदबत्ती वायू, ज्योत तेज, नैवेद्य आप, आणि आकाश कोणी फुलाला म्हणतात, कोणी घंटेच्या नादाला.

आता हेव्याचं. तुम्हाला वाटतं नात माझ्याकडे असते म्हणून माझी चंगळ आहे. अहो, ती अंगावर तुम्ही शिवलेला फ्रॉक घालून येते आणि धुवायलाही काढू देत नाही. तुम्ही तिची आजी आणि मी 'दुसरी आजी'! समोर बसलेली मी दुसरी, आणि लांबची पहिली. मला काय वाटत असेल?

राग धरू नये, निदान दोन्ही मुठींनी तरी धरू नये.

आपली,
दुसरी आजी

ता. १६

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

मास्तरांना समोर उभं केलं. हातात तबकाऐवजी बटणांच्या डब्याचं झाकण दिलं. त्यांनी सुलटं फिरवलं आणि मला उलटं दिसलं. तुमचं खरं निघालं. झोप लागली असेल तुम्हाला आता!

पण म्हणून मी हरले असं समजू नका. पोरं दिसेल तसंच करणार. चिंगी पडद्याकडे बघून उलटंच फिरवणार ना? शर्टाचा डावा खिसा म्हणजे घालणाऱ्याच्या डावीकडचा, बघणाऱ्याच्या नव्हे. व्हिडिओही तसाच, ओवाळणाऱ्याच्या बाजूनेच घ्यायला हवा. कॅमेरा मागून, खांद्यावरून. म्हणजे पडद्यावरचे हात मुलांना आपलेच वाटतील.

यात चेहरा कोणाचाच दिसणार नाही. तुमचा दिसणार नाही याने मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? हात मात्र माझे. बोलायला तुम्ही, कारण मी बोलले की शेजारचे दार उघडून बघतात. शनिवारी येते. तांदूळ मीच निवडून आणते.

भेटेपर्यंत लोभ राखून ठेवावा, भेटल्यावर काय उरेल सांगता येत नाही.

आपली,
चिंगीची पहिली आजी

ता. २७

श्रीमती विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुम्ही सुखरूप पोचल्याचं मास्तरांच्या फोनवरून कळलं. नवा व्हिडिओ लागला. तुमची सूनबाई स्टुलावर चढून तुमच्या खांद्यावर फोन धरून उभी होती, तिची मान अजून आखडलेली आहे. पण काम झालं. चिंगीने समोर ताटली घेऊन अगदी सुलटं ओवाळलं. शेवटी कापराच्या ज्योतीवर तुम्ही हात धरून डोळ्यांना लावलेत, तशी तिनेही पडद्यावर हात धरले आणि डोळ्यांना लावले.

आणि मग काय म्हणाली असेल? 'हे माझ्या आजीचे हात, सुई टोचलेलं बोट आहे बघा.' सगळ्यांना हाक मारून दाखवत होती. अक्षरन् अक्षर मी बोललेय, अर्थ मी सांगितलेत, आवाज माझा, पण त्याबद्दल एका शब्दाने विचारलं नाही. मीपणा जाण्याचं मीच मुलांना सांगितलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. इतका हेवा मला उभ्या जन्मात कोणाचा वाटला नव्हता.

लोभाचं तुम्हीच काय ते ठरवा, मी सध्या रागात आहे.

आपली,
नुसता आवाज

ता. ४

प्रिय विहीणबाईंस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र परत परत वाचलं. चिंगीने बोट ओळखलं यावर आधी मनसोक्त हुरळून घेतलं, तो माझा हक्कच होता. तुम्ही भांडी आपटलीत हे वाचून तर आणखी बरं वाटलं.

मग एकटी असताना व्हिडिओ पुन्हा लावला. माझ्यासाठी तो मुकाच. माझे हात हळदीवर जातात, थांबतात, अक्षता उचलतात, फूल, उदबत्ती. बघताना वाटलं, या बहिरीला कसं कळत होतं तुमचं कुठलं वाक्य कधी संपलं? तर तुम्ही माझ्या पाठीमागे चिकटून उभ्या होता. एक अर्थ सांगून झाला की माझ्या पाठीवर बोट टेकवत होता, की पुढची वस्तू घे. घंटा वाजवायला लागले तेव्हा तर अख्खा तळवा ठेवलात, कापूर विझेपर्यंत.

हे पडद्यावर कोणाला दिसत नाही, चिंगीलाही नाही. तिने हात ओळखले, पण ते हात चालत होते तुमच्या बोटावर. घरधनी गेल्यापासून माझ्या पाठीवर कोणी हात ठेवला नव्हता, विहीणबाई. आता मी व्हिडिओ लावते आणि हळदीपाशी आले की पाठ ताठ करून वाट बघते.

चिंगीला यातलं काही सांगू नका. सगळंच तिला कशाला द्यायचं?

लोभ पोचला. तुम्हालाही पोचावा.

तुमचीच,
विहीण