पाचवा मुद्दा

२४ ऑगस्ट २००६

प्रिय पुजा,

तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पत्र टाकते आहे, म्हणजे मुख्याध्यापकांच्या हाती पडून तुझ्यापर्यंत यायला दोन दिवस जास्त लागतील, हे ठाऊक आहे. फोन केला असता, पण नरसीच्या त्या दुकानातल्या फोनवर तुझ्यामागं चार माणसं उभी असतात आणि आपण दोघी फक्त ‘बरी आहेस ना, बरी आहे’ एवढंच बोलतो. आजचं तसं नाही. त्यामुळं सावकाश लिहिते, तूही सावकाश वाच, तिसरीची पोरं घरी गेल्यावर.

तर बातमी अशी, की मी भाषणं लिहायला लागले आहे. हसू नकोस. हिंगोलीच्या वसतिगृहात असताना निबंधात कायम तुझा पहिला नंबर यायचा आणि माझा दुसरा, आणि तोसुद्धा तुझी वही आदल्या दिवशी वाचलेली असायची म्हणून. पण इथं कॉलेजात तुझ्यासारखं कुणी नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, म्हणून डीननी मला बोलावलं. यंदा प्रथमच पहिल्या वर्षाच्या मुलांना समारंभ करून पांढरा कोट द्यायचा ठरलं आहे. आमच्या वेळी कसलं आलंय, दुकानातून अ‍ॅप्रन विकत घ्यायचा, बटण तुटलेलं निघालं तर आपणच लावायचं, आणि चालू लागायचं शवविच्छेदनाच्या हॉलकडे. आता नऊ सप्टेंबरला शंभर मुलं नावानं मंचावर येणार, एकेक प्राध्यापक मागून कोट धरणार, मूल त्यात हात घालणार, मग सगळ्यांनी मिळून शपथ घ्यायची. समोर आईवडील बसलेले. आणि शपथेच्या आधी सात मिनिटं बोलणार इंगोले सर.

सोमेश्वर इंगोले सरांबद्दल मी तुला पूर्वी लिहिलं आहे. मेडिसिनचे आमचे प्रमुख, कुरुंद्याचे. आवाज इतका हळू, की राउंडला सगळी मुलं त्यांच्याभोवती माना पुढं करून उभी असतात. ते रुग्णाच्या कॉटवर बसत नाहीत, स्टूल ओढून खाली बसतात, म्हणजे रुग्णाला वर बघावं लागत नाही. मी शरीरक्रियाशास्त्राची ट्यूटर, त्यांच्या विभागाची नव्हे, पण वेळ मिळाला की आजही त्यांच्या राउंडच्या शेपटीला जाऊन उभी राहते. माणसानं असं असावं असं मला ज्यांच्याकडं बघून वाटतं, त्यांत ते एक. दुसरी कोण ते तुला सांगून चढवून ठेवायचं नाही मला.

सरांना भाषण लिहायची सवय नाही. त्यांनी ईसीजीच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं सात मुद्दे खरडून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ह्याचं काहीतरी कर. तो कागद किती वेळा उलगडला असेल! पहिला मुद्दा: ‘पांढरा का? डाग दिसावा म्हणून.’ दुसरा: ‘खिशात काय? टॉर्च, वही. मोबाइल नव्हे.’ तिसरा: ‘पहिला शिक्षक बोलत नाही.’ हा मला लगेच कळला, तो विच्छेदनाच्या टेबलावरच्या देहाबद्दल होता. चौथा: ‘आईबापांना उभं करा, टाळ्या त्यांना.’ सहावा नुसता ‘हात धुवा’ आणि सातवा ‘लांबवू नको’, तो बहुधा मलाच होता. आणि पाचवा: ‘बाही. मुलगी. ९२.’ बस, एवढंच.

पहिला खर्डा मी दोन दिवसांत लिहिला आणि स्वतःवरच खूश झाले. ‘मानवतेच्या या पवित्र मंदिरात’ अशी सुरुवात होती. सरांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, मी कधी असं बोलतो का? मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मग त्यांनीच शिकवलं. ऐकणाऱ्याला पान उलटून मागं जाता येत नाही, म्हणून एका वाक्यात एकच गोष्ट. एका मुद्द्याला एकच प्रसंग, आणि तो डोळ्यांनी पाहिलेला. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द, म्हणजे सात मिनिटांना आठशेच्या वर नको, टाळ्यांना आणि पाणी प्यायला जागा ठेव. इंग्रजी नावं काढ, कारण अर्धे पालक शेतातून येणार आहेत आणि त्यांना परकं वाटता कामा नये. दुसरा खर्डा मी घड्याळ लावून मोठ्यानं वाचला आणि आमच्या विभागातल्या कमलबाईंना ऐकवला. त्या लादी पुसता पुसता जिथं थांबल्या ती वाक्यं ठेवली, आणि जिथं पुसतच राहिल्या ती काढून टाकली. भाषण तपासायची याहून चांगली रीत मला अजून सापडलेली नाही.

पाचव्या मुद्द्याचं मात्र काही केल्या जमेना. मी अंदाजानं एक परिच्छेद रचला, की लहान मूलसुद्धा डॉक्टरला शिकवतं वगैरे. सरांनी त्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, ‘हे खोटं आहे. घरी ये.’ म्हणून गेल्या रविवारी एसटीनं कुरुंद्याला गेले. सरांच्या भावाची हळद मांडीएवढी झाली आहे, बुडाला मातीची भर लावून राहिली होती माणसं. त्यांच्या वहिनी सुमनबाईंनी थालीपीठ खाऊ घातलं आणि मी एवढी वाळलेली काहून म्हणून दोनदा विचारलं. मग सर बांधावर बसले आणि बोलायला लागले, नेहमीपेक्षाही हळू.

ब्याण्णव सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. तेव्हा सर दुसऱ्या एका मोठ्या दवाखान्यात शिकवायला होते. सकाळचा राउंड, मागं सहा विद्यार्थी. सेनगावकडच्या एका तांड्यावरून जीपमधून एक बाई आणलेली. पहाटेपासून पोटात कळा, दोन उलट्या. जमिनीवर झोपली होती, पण अंगावर चावल्याची खूण नाही, सूज नाही. सरांनी पोट तपासलं, इंजेक्शन आणि सलाइन लिहिलं आणि पुढच्या कॉटकडं वळले. तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या कोटाची बाही धरली. आरसे लावलेला घागरा घातलेली, दहा-अकरा वर्षांची मुलगी. ती म्हणाली, ‘आईच्या पापण्या पडून राहिल्या. ती झोपली न्हाई. तिला डोळे उघडताच येईनात.’

सरांनी एकदा बाईकडं पाहिलं. रात्रभर कळा सोसून आता डोळा लागला असेल असं त्यांना वाटलं. त्यांनी मुलीला सांगितलं, झोपू दे तिला, आणि तिच्या मुठीतून बाही सोडवून घेतली. पोटात कळा, खूण नाही आणि पापण्या पडलेल्या, म्हणजे मण्यार चावलेली असू शकते, हे ते त्याच आठवड्यात त्या सहा विद्यार्थ्यांना शिकवून बसले होते. मण्यारीचा दात बारीक असतो, झोपेत कळतही नाही. विष आधी पापण्या पाडतं, मग गिळणं, शेवटी श्वास. बाईला ‘वर बघ’ म्हणून टॉर्च धरली असती तर अर्ध्या मिनिटात कळलं असतं. दोन तासांनी तिचा श्वास थांबायला लागला तेव्हा कळलं. मग नळी घातली, सापाच्या विषावरचं औषध दिलं, सरांनी स्वतः संध्याकाळपर्यंत हातानं फुगा दाबून श्वास दिला. बाई गेली. वेळेत पाहिलं असतं तर वाचलीच असती असं ते म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘संधी होती, ती मी घालवली.’

मी त्यांना म्हटलं, सर, हे नको. पहिलाच दिवस आहे, आईबाप समोर, पोरं घाबरतील. पोरांना घाबरवणारं काही नको, असं डीननीही आधीच बजावलं होतं. यावर सर म्हणाले, ‘कोट आपल्याला मोठं करत न्हाई, फक्त समोरच्याला लहान करतो. हे त्यांना पहिल्या दिवशी न्हाई सांगायचं तर कधी?’ हा मुद्दा नसेल तर ते बोलणारच नाहीत. आणि तरीही, पुजा, तो घ्यायला ते तयार नाहीत. ती गोष्ट माझी एकट्याची नाही म्हणाले, त्या मुलीची आहे. तिला विचारल्याशिवाय शंभर माणसांसमोर कशी सांगू? गेल्या महिन्यात ते जुने कागद शोधायला त्या दवाखान्यात जाऊन आले. कागद पुरात भिजून गेले होते. नाव त्यांना आठवत नाही, चेहरा आठवतो. चौदा वर्षं झाली, पंचावन्नाव्या वर्षी माणूस आपली चूक स्वतः उकरून काढतो आणि परवानगीही मागायला निघतो. बांधावर मी त्यांच्याशेजारी मान खाली घालून बसले होते, कारण मला ती मुलगी ठाऊक होती.

तू इथं वाचायची थांबली असशील. थोडं पाणी पी.

आठवीत असताना एकदा, सगळ्या पोरी सुटीला घरी गेल्या आणि आपण दोघीच मागं राहिलो, तेव्हा तू मला तुझ्या आईबद्दल, नानीबाईंबद्दल सांगितलं होतंस, डॉक्टरची बाही धरल्याचंही. मी कुणाला सांगणार नाही अशी शपथ घेतली होती आणि आजपर्यंत पाळली आहे, सरांनाही तुझं नाव सांगितलेलं नाही. तू तेव्हा म्हणाली होतीस, की तुला मराठी नीट येत नव्हती, घरी गोरमाटीच बोलायचात, म्हणून डॉक्टरला कळलं नाही. मग तू शब्दकोश घेऊन बसायचीस. वर्गात तुझ्याइतकं शुद्ध कुणी बोलेना, निबंधात पहिला नंबर तू कधी सोडला नाहीस, आणि आम्ही सगळे तुला हुशार म्हणायचो. तू कशासाठी घासत होतीस ते एकट्या मला माहीत होतं, आणि मीही तेव्हा तुझंच खरं मानलं.

पाचवा मुद्दा आता लिहून झाला आहे, पत्रासोबत वेगळ्या कागदावर ठेवला आहे. सरांनी शब्दन्‌शब्द सांगितला, मी फक्त उतरवून घेतला. नानीबाईंचं, तुझं, तांड्याचं नाव त्यात कुठंच नाही. तू नको म्हणालीस तर कागद फाडून टाक, मी सरांना मुलगी सापडली नाही असं सांगेन आणि पुन्हा कधी विषय काढणार नाही. हो म्हणालीस तर नऊ तारखेच्या आत दोन ओळी पाठव. तुला त्यांना भेटावंसं वाटलं तर मी नरसीला घ्यायला येईन, नाही वाटलं तर तेही बरोबर. पण तू काहीही ठरव, भाषण होवो की न होवो, त्यातलं शेवटचं वाक्य तू वाचलंच पाहिजेस, त्याच्यासाठीच हे एवढं लिहिलं. ते असं आहे: ‘त्या मुलीनं बराबर सांगितलं होतं. तिचा शब्दन्‌शब्द मला कळला होता. मी वळून पाहिलं नाही.’

तुझीच,
पुनम