एकच नाव, अप्पाराव

प्रिय सरिता,

वर्षभरात मी तुला एकही फोन केला नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. करमाडला तुझं कसं चाललंय, हे मी इतरांकडून काढून घेते. अंगणवाडीत गाणी शिकवतेस म्हणे. ऐकून बरं वाटलं आणि जरा टोचलंही. इथं शहरात पाणी आता सहाव्या दिवशी येतं. तरी बीड बायपासला नव्या इमारती उठतच आहेत, आणि प्रत्येकीच्या दारात टँकर उभा.

मागच्या दिवाळीआधीही असंच कोरडं होतं. गुलमंडीतले अप्पाराव मिठाईवाले आपण दोघी काम करायचो त्या औरंगपुऱ्यातल्या जाहिरातींच्या स्टुडिओत डोक्याला हात लावून बसले होते. म्हणाले, लोक पाण्याचा ड्रम घेतील का माझा पेढा? रिक्षाच्या भोंग्यावर वाजवायला चार ओळी द्या, पण अशा की पोरांच्या तोंडातून जाऊ नयेत. ओळी जमल्या तर वर्षभराच्या सगळ्या सणांचं काम त्या लिहिणाऱ्याला. लिहिणारी मी होते, तू गाणारी. एम. ए. मराठी मी, वृत्तं पाठ माझी. मी लिहिलं, 'दीपोत्सवाचा मंगल क्षण, मिष्टान्नांनी प्रसन्न मन.' मला ते फार आवडलं होतं.

तू एकदा गाऊन पाहिलंस आणि हसलीस. त्या हसण्याचा मला किती राग आला होता! म्हणालीस, "ताई, ही जोडाक्षरं भोंग्यात फुटत्यात. नुसता खरखराट ऐकू येतोय. भांडी घासता घासता बाईला म्हणता आलं पायजे." मग टेबलावर टाळ्या दिल्यास, ओळीला चार, आणि चहा येईपर्यंत सांगून मोकळी झालीस:

दारी दिवा नि उजळलं गाव,
लाडू-चकली, खा की राव!
पेढा-बर्फी, वाजवी भाव,
एकच नाव, अप्पाराव!

मी खोट काढायला वही उघडली. सापडली नाही. चारही ओळींचा शेवट 'आव', तोंड उघडं राहणारा, म्हणून लांबच्या गल्लीतही ऐकू जाणारा. तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकणाऱ्याचा कान शेवटाची वाट बघत असतो आणि चौथीच्या शेवटी नेमकं दुकानाचं नाव येतं. तूच समजावलंस, नाव यमकात बसवलं की कुणाला उचकटता येत नाही, दुसऱ्याचं घालायला गेलं की गाणंच मोडतं. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं. अप्पारावांनी त्याच बैठकीत तुला कबूल केलं, वर्षभराचं काम तुझं. मी तुझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या अंगाचा नुसता जळफळाट चालला होता.

पुढचं तुला माहीत आहे, म्हणजे तुला सांगितलं गेलं तेवढं. तू आजारी आईकडे गेलीस, दुसरीच मुलगी गायली, आणि शेवटची ओळ 'अप्पारावांचं एकच नाव' अशी रिक्षावर वाजली. टाळ्या चारच, यमकही जुळलेलं, कानाला काही खटकलं नाही. पण नाव आता सुरुवातीला सुटं उभं होतं. आठ दिवसांत समोरच्या रामकिसनच्या दुकानाची रिक्षा फिरली, 'रामकिसनचं एकच नाव!' एक शब्द बदलला आणि अख्खं गाणं त्याचं झालं. बायपासजवळच्या सातारा परिसरात टँकरच्या रांगेत घागरी बडवत पोरं तेच म्हणायची. तू परत आलीस तेव्हा अप्पाराव तुझ्यावर सगळ्यांदेखत ओरडले, कच्चं काम दिलंस म्हणून. वर्षभराचं काम गेलं आणि तू वही पिशवीत घालून करमाडच्या गाडीत बसलीस. तुला वाटलं, गाणाऱ्या मुलीनं घोळ केला. त्या बिचारीनं तर समोरच्या कागदावर होतं तेच गायलं.

तो कागद मी लिहिला होता. तुझी ओळ मी फिरवली, आणि फिरवल्यावर काय होईल हे मला नीट माहीत होतं, कारण तूच शिकवलं होतंस. काल अप्पाराव आले. या दिवाळीच्या ओळी मी लिहाव्यात म्हणतात, वर्षभराच्या कामासकट. उद्या सकाळी दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांची गर्दी असतानाच, मी त्यांना सगळं सांगणार आहे. ते तुला बोलावतील. तेव्हा त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र तुझ्या भावाच्या हाती आजच पाठवतेय. माफी मागायचं तोंड मला नाही. तुझा हेवा अजूनही वाटतो, तोही लपवत नाही. त्या चार ओळी मला सुचल्या असत्या ना सरिता, तर त्यातला एक शब्द मी कुणाला हलवू दिला नसता.

तुझीच, तुला पटलं तर,
अश्लेषा