बिनमिठाचे लाडू

६ सप्टेंबर
ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.
सुखरूप पोचलो. एका बैठकीत पत्र लिहून संपवणं मला कधी जमलं नाही, म्हणून रोजनिशीसारखं थोडं थोडं लिहीन आणि जाडजूड झालं की पाठवीन. स्टेशनवर दादा आला होता. आई, तुझ्या बहिणीच्या या मुलाने मला माझी बॅगसुद्धा उचलू दिली नाही. मोठी खोली मला दिली, स्वतः स्वयंपाकघरालगतच्या खुराड्यात राहतो.
दुपारपर्यंत गोदामात खोकी रचायची, मग कंपनीच्या चमूबरोबर धावण्याचा सराव. वसंतात बेचाळीस किलोमीटरची शर्यत आहे. चमूत एकच जागा रिकामी आहे, आणि जो चमूत जाईल तो नोकरीत कायम. दादाही त्याच जागेसाठी धावतो, त्याला संधीचं हे शेवटचं वर्ष. मी म्हटलं, म्हणजे भाऊ-भाऊच एकमेकांच्या मुळावर उठायचे की काय? तर म्हणाला, वेड्या, तू लागलास काय नि मी लागलो काय, पेढे मावशीच्याच घरी!

१४ सप्टेंबर
इथल्या दुकानात तूरडाळ नाही. पिवळ्या वाटाण्याची डाळ मिळते. ती रात्रभर भिजवून, चिमूटभर सोडा टाकून शिजवली की वरणाचा आव आणते. जरा गोडसर लागते, मग लिंबू जास्त पिळायचं. ज्वारी नाहीच. ओट मिक्सरमध्ये दळले, उकळत्या पाण्यात उकड काढली, तरी भाकरी थापताना तुटते. म्हणून दोन कागदांच्या मध्ये लाटतो. बाबा, हसू नका, फुगते! दह्याला विरजण म्हणून दुकानातलं साधं दही, कोमट दुधात एक चमचा; भांडं ओव्हनमध्ये ठेवून आतला नुसता दिवा लावायचा. सकाळी सुरी लावून कापावं असं दही. तूप मात्र घरच्यासारखंच: बिनमिठाचं लोणी मंद आचेवर, फेस विरला आणि तळाची बेरी बदामी झाली की उतरवायचं.

२५ सप्टेंबर
लांबच्या सरावात दर अर्ध्या तासाला काहीतरी गोड पोटात जावं लागतं, नाहीतर पाय दगड होतात. बाकीचे पाकिटातली जेली चोखतात. मी आपले लाडू घेतो: भाजलेली कणीक, गूळ, तूप, दाण्याचं कूट, किसलेलं खोबरं आणि घामासाठी मिठाची कणी. प्रशिक्षकाने एक चाखला आणि माझी वेळ पाहून दादाकडे बघत म्हणाला, याला आधी का नाही आणलंस? दादा सगळ्यांत मोठ्याने हसला.

९ ऑक्टोबर
लाडवांत फेरफार करावे लागले. चमूतल्या एकाला शेंगदाण्याने घसा सुजतो, म्हणून कूट बंद. दादा काळे तीळ घेऊन आला. गूळ संपला, इथली तपकिरी साखर थंडीत खडा होते. दादा म्हणाला, मध घाल, रक्तात लवकर भिनतो. कणीक पोटात जड होते, तर जवाचं पीठ. सगळं कसं पटण्यासारखं! दादा एक लाडू आधी स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर ठेवतो. निववायला, म्हणतो. समोरच्या तारेवर एक काळा पक्षी बसून असतो, पण चोच लावत नाही. मी म्हटलं, बघ, पाखरांनाही माझा हात पसंत नाही. दादा हसला नाही.

२० ऑक्टोबर
आता पीठ भाजायचं नाही, शिजवलेल्या भातात कालवायचं, वर थोडं दूध. धावणारे भाताचे गोळे खातात हे खरंच आहे, मी चौकशी केली. पण दादा म्हणतो मीठ अजिबात नको. प्रशिक्षकाला विचारलं, तो म्हणाला, एवढा घाम गाळणाऱ्याला मीठ हवंच. दादाला तसं सांगितलं तर चिडून म्हणाला, चार वर्षं इथे मी धावतोय की तो?
वजन उतरतंय. भूक आहे, पण कशालाच चव नाही. वरणात चमचाभर मीठ टाकलं तरी पाणी.

२८ ऑक्टोबर
गोदामाचा दरवाजा माणूस आला की आपोआप उघडतो. आज माझ्यासाठी उघडला नाही. मागून एक बाई आली तेव्हा तिच्याबरोबर आत गेलो. सरावानंतर प्रशिक्षकाने सगळ्यांच्या वेळा वाचल्या, माझी वाचली नाही. मी समोर उभा होतो. दादाची वेळ सुधारली आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
मीही वाजवल्या. आवाज आला नाही.

२ नोव्हेंबर
आई, तुला कृती कळवावी म्हणून लिहायला बसलो. जवाचं पीठ, भात, काळे तीळ, मध, तूप, दूध. मीठ नाही.
लिहिलं आणि हात थांबला. आजोबांचा दहावा. घाटावर बाबा मांडी घालून बसले होते, त्यांच्या पुढ्यात हेच—
खिडकीचं तोंड दक्षिणेला आहे. मी आज पाहिलं.
पिंड. माझे. माझ्याच हातांनी वळलेले. एकेक जिन्नस बदलत बदलत त्याने मला—

३ नोव्हेंबर
दादाला जाब विचारला. तो माझ्याकडे न बघता चहा पीत राहिला. मग खिडकीशी गेला, हात जोडले. माझे कान तिखट आहेत, सगळं ऐकलं. तो म्हणत होता, तुझ्या आई-बाबांना काही कमी पडू देणार नाही. तारेवरचा पक्षी हलला नाही. दादा म्हणाला, घराची डागडुजी मी करीन. पक्षी हलला नाही.
तो माझी इच्छा शोधतोय. ती त्याने बोलून दाखवली की कावळा शिवणार. ती मी त्याला कधीच सांगितलेली नाही. इथे लिहिणारही नाही.
लाडू फेकायला गेलो. बोटं त्यातून आरपार.
पेन अजून धरता येतंय. अजून—

४ नोव्हेंबर
तुम्हाला फोन लावला. आई, तू हॅलो हॅलो करत राहिलीस. म्हणालीस, अहो, नुसता वारा ऐकू येतोय. ठेवलास.
बॅग नेऊ दिली नाही ना त्याने मला— सख्ख्यासारखा— आणि मी त्याला चमच्याने तूप वाढत होतो—

नोव्हेंबर
तो स्वयंपाकघरात फोनवर आहे. स्पीकर लावलाय. आई, तुझाच आवाज.
मावशी, म्हणतोय, तो हल्ली गप्प गप्प असतो गं, त्याच्या मनात तरी काय आहे?
आई सांगू नकोस—
तू हसतेयस. अरे, त्याचं काय, म्हणतेस, लहानपणापासून एकच—
आई मी इथे आहे, ओरडतोय—
—बाबांनी एकदा तरी मैदानाच्या कडेला उभं राहून त्याला धावताना बघावं, बस—
फोन ठेवला. खिडकी उघडली. हात जोडले. म्हणतोय, काकांना मी आणीन, कडेला उभं करीन, माझी शर्य—
पंख
बाबा, तो न्यायला आला तर जाऊ नका, त्याच्या शर्यतीला तुम्ही ज