खाली कोण उभं असतं?

३ मार्च, मंगळवार

सांगितलं एकदाचं! आणि वाट लावली.

जेवताना सांगायची गोष्ट नव्हती ही. पण मला कुठला दम! "औषधांच्या दुकानातली नोकरी सोडतेय. झाडकाम शिकणार. दोराने वर चढून फांद्या उतरवायच्या." बाबांनी चमचा खाली ठेवला. आई म्हणाली, "चढून?" एवढंच. मग मी जी सुटले ती सुटलेच — माझी आवड, माझं आयुष्य, दिवसभर गोळ्या मोजून आलेला कंटाळा. वीस मिनिटं! त्या दोघांना एक अख्खं वाक्य बोलू दिलं नाही.

बाबा ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षा घेतात. शेजारचा माणूस चुकत असताना तोंडातून चकार शब्द न काढण्याची त्यांना सवय आहे. सगळं ऐकून म्हणाले, "नापास."

मी दार आपटून खोलीत. वय वर्षं पंचवीस!

४ मार्च

अबोला. आईने डबा दिला, पण माझ्याकडे न बघता.

५ मार्च, गुरुवार

दुकान सुटल्यावर खारूताईंच्या आवारात गेले. पन्नाशीची बाई, पण सरसर वर जाते, म्हणून सगळेच खारूताई म्हणतात. तीस वर्षं झाडकाम करतायत; मला शिकायचंय ते त्यांच्याकडेच. दोर वाळत घालत होत्या. मी घरचं रामायण ऐकवलं. वाटलं, पाठीवरून हात फिरवतील. छे!

"मी झाडाला हात लावण्याआधी त्याच्याभोवती दोनदा फिरते. कुठे पोकळ आहे, कुठून विजेची तार जाते, कुठे पोळं आहे. तू काय केलंस? सरळ करवत लावलीस."

वर आणखी — "वीस तारखेपर्यंत सांग. जागा एकच आहे. आणि घरी भांडून आलेलं माणूस मी वर चढवत नाही. डोक्यात भांडण असलं की गाठ चुकते."

म्हणजे आता माझं घोडं आई-बाबांपाशीच अडलेलं. पळून जायचीही सोय नाही!

८ मार्च, रविवार

आज नुसतं ऐकायचं ठरवलं होतं. दोघांना म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं ते सांगा. मी उत्तर देणार नाही, फक्त लिहून घेईन." बाबांनी संशयाने पाहिलं. "उत्तर देणार नाहीस? तू?"

जीभ चावत बसले. दोनदा "अहो पण" निसटलंच. बाबांनी बोट वर केलं, मी गप्प.

बाबांचं असं: या कामाला कागद काय? गुडघे किती वर्षं चालणार? चाळिशीत काय करशील? आणि फार्मसीची चार वर्षं पाण्यात घालायची का? मला वाटत होतं, लोक काय म्हणतील हा मुद्दा येणार. आलाच नाही! त्याच्यावरचं खणखणीत उत्तर मी आठवडाभर घोटून ठेवलं होतं. फुकट गेलं.

आई हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. ती म्हणाली, "पडलेली माणसं तुम्ही एकदा बघता. मी त्यांना सहा-सहा महिने कुशीवर वळवते. तुला मला वळवायचं नाहीये." आणि उठून भांडी घासायला गेली. भांडी आधीच घासलेली होती.

मला रडू आलं. पंचवीस वर्षं एका घरात राहून मला वाटत होतं, ती फक्त हट्टी आहे.

शेवटी सगळं त्यांना वाचून दाखवलं. "बरोबर लिहिलंय?" बाबांनी एक शब्द बदलला. "'गुडघे चालणार' नाही, 'गुडघे टिकणार' लिही." परीक्षक तो परीक्षकच.

११ मार्च

तीन दिवस खारूताईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलंय. त्या म्हणाल्या, "तू शिकायला येतेयस की माझी झडती घ्यायला?"

१४ मार्च, शनिवार

योजना मांडली. एकच कागद, मोठ्या अक्षरात. भाषण नाही!

पहिले तीन महिने मी जमिनीवरच. फांद्या ओढायच्या, दोर सांभाळायचे, गाठी. नंतर चढायचं, तेही आधी दोन माणसांच्या उंचीपर्यंत. करवत हातात असेल तेव्हा दोन वेगळ्या ठिकाणी बांधलेलं असायचं — एक दोर चुकून कापला गेला तरी दुसरा धरतो. वाऱ्यात आणि ओल्या खोडावर काम बंद. अपघाताचा विमा पहिल्या दिवसापासून. शनिवार-रविवार दुकानात अर्धवेळ; मालक हो म्हणालेत, म्हणजे फार्मसीची नोंदणी चालू राहते. दीड वर्षाने चढाईची सरकारी परीक्षा — बाबा, हा तुमचा कागद. आणि गुडघे गेले की झाडांची तपासणी करून अहवाल द्यायचे; त्याची वेगळी परीक्षा असते, ती पस्तिशीच्या आत. सहा महिन्यांनी आपण तिघं परत बसायचं. तोवर मला गाठी नीट जमल्या नाहीत, असं खारूताई म्हणाल्या तर मी स्वतः परत येईन.

बाबांनी दोनदा वाचलं. मान हलली — किंचित!

मग आई. "वरच बेशुद्ध पडलीस तर?"

"पट्टा असतो ना, आई. खाली पडणार नाही."

"पडण्याचं विचारत नाहीये. पट्ट्यात निपचित लटकलेलं माणूस फार वेळ टिकत नाही. पायात रक्त साचतं. खाली कोण उभं असतं? त्याला चढता येतं?"

हे माझ्या कागदावर नव्हतं. तोंडाशी थाप आली होती — "असतो की कुणीतरी!" गिळली. म्हटलं, "माहीत नाही. विचारून सांगते."

आईने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

१५ मार्च

विचारलं. चढणाऱ्याखेरीज चढता येणारं आणखी एक माणूस खाली हवंच, आणि त्याचा दोर-पट्टा खोडापाशी तयार. त्याशिवाय काम सुरू नाही. महिन्यातून एकदा सराव: पोत्याचा माणूस वर टांगतात आणि घड्याळ लावून उतरवतात. आईला सांगितलं. "मला बघायचंय," म्हणाली.

१८ मार्च, बुधवार

आई रजा टाकून आवारात आली! पोत्याचा माणूस सात मिनिटांत खाली. आई म्हणाली, "जास्त झाली." मला वाटलं, संपलं सगळं. खारूताई रागावल्या नाहीत, उलट विचारलं, "कुठे कमी करू?" मग दोघी पोत्याशेजारी उकिडव्या बसल्या — मान कशी धरायची, आडवं कधी करायचं. मी दोर घेऊन बावळटासारखी उभी. दुसऱ्या खेपेला पाच मिनिटं.

१९ मार्च

आई म्हणाली, "जा. पण मला अजून भीती वाटते, ती वाटणारच." बाबा म्हणाले, "सशर्त पास."

खारूताईंना फोन केला. जागा माझी! घरभर नाचले.

२९ मार्च, रविवार

आज बाबांनी आम्हा दोघींना टेबलाशी बसवलं. समोर एक कागद, मोठ्या अक्षरात. दोन वर्षं आधी निवृत्ती घेणार आणि लांब पल्ल्याचा ट्रक चालवणार! "एकतीस वर्षं शेजारच्या सीटवर बसलोय. मला गाडी चालवायचीय."

मी म्हणाले, "बाबा, वेड लागलंय का तुम्हाला!"