झैदचा प्रश्न

सफर महिना, तारीख ४

माफ कर रे कागदा, फार दिवसांनी हात लागला. डोळे दुखतात ही सबब. खरं म्हणजे लिहायला बसलं की भीती वाटते.

आज खेचरवाल्याबरोबर काराबेलहून नूरुल्लाचं पत्र आलं. पोरगा काझी झाला तेव्हा मी मोहल्लाभर हलवा वाटला होता. आता वाटतं, त्यानं मदरशातच मुलं शिकवत राहायला हवं होतं. मोहिमेसाठी जादा कर काढलाय. काझीनं हुकूम चौकात वाचायचा, कोर्टाच्या वहीत उतरवायचा आणि घराघरावर वाटणी करायची. नूरुल्लानं यातलं काहीच केलं नाही. लिहितो — 'बाबा, इथे लोक झाडाची साल उकडून खातात. वसुलीवाल्याला सांगितलं, हुकूम पोचलाच नाही, वाटेत गहाळ झाला असेल. तुम्हालाच म्हणून सांगतो, हुकूम माझ्या पेटीत आहे. लोकांना थांबा म्हणालोय. सुलतानाच्या दारी अर्ज पाठवलाय, उत्तर येईपर्यंत थांबा.'

शहरिबानला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरगा तुमच्यावर नाही गेला, हे बरं झालं."

बाईला कळत नाही. काझी हा नोकर असतो, नोकर! हुकूम पेटीत ठेवतो म्हणजे काय!

सफर ५

जेवण गेलं नाही.

सफर ९

मी मुफ्तीसाहेबांच्या कचेरीत साफ प्रत काढणारा. मदरसा अर्ध्यावर सुटला, पण अक्षर देवाने दिलं. लोक तक्रार घेऊन येतात. मसुदा लिहिणारा तिचा प्रश्न करतो. नाव, गाव सगळं गाळायचं. पुरुष असेल तर झैद, त्याच्याशी भांडणारा अम्र, बाई असेल तर हिंद. फत्वा-अमीन वेलीयुद्दीन एफेंदी तो तपासतात, एखादा शब्द इकडचा तिकडे करतात. मग मी चिंचोळ्या कागदावर प्रत काढतो आणि मुफ्तीसाहेब खाली स्वतःच्या हाताने लिहितात — होते, किंवा होत नाही. बस. कारण सांगायचं बंधन नाही.

आज राजवाड्यातून प्रश्न आला. 'झैद हा एका गावचा काझी. सुलतानाचा हुकूम आपल्याला पोचलाच नाही असं सांगून त्याने वसुली अडवली. पोचल्याचा पुरावा नसता झैदचा वध कायदेशीर होतो काय?'

माझा बोरू थांबला.

"काय झालं, सेफेर चाचा?" अमीनांनी विचारलं.

"काही नाही, एफेंदी. हा झैद कोण?"

"झैद म्हणजे कुणीही. इतकी वर्षं इथे बसताय आणि हे विचारता?"

मी प्रत काढली. अक्षर वाईट नाही आलं. कसं आलं, कोण जाणे.

सफर ११

होत नाही! मुफ्तीसाहेबांनी लिहिलं — होत नाही! हुकूम पोचल्याचा पुरावा नसेल तर झैदवर काही नाही, फार तर बदली करा. मी कचेरीच्या मागच्या अंगणात जाऊन रडलो. परतताना शहरिबानसाठी तीळ लावलेले गरम सिमित-पाव घेतले. ती म्हणाली, "आज काय ईद आहे का?"

सफर १६

मुफ्तीसाहेबांना काढलं.

राजवाड्यातून दोन माणसं आली. साहेब नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत होते. म्हणाले, पाय पुसून होऊ द्या. मग मोहर उतरवून दिली आणि बॉस्फरसपलीकडच्या मळ्यात निघून गेले. एका 'होत नाही'मुळे गेले, सगळे कुजबुजतात. मोठ्याने कुणी बोलत नाही.

माझे उस्ताद सांगायचे, जुने फकीह, कायद्याचे पंडित, सुलतानाच्या ताटातलं खात नसत, पदाचं बोलावणं आलं की गाव सोडून पळत. मी हे अमीनांना बोललो. माझं तोंड! ते हसले. "चाचा, आता पदाच्या पायऱ्या आहेत. मदरशाची पायरी, काझीची पायरी, वर आमची. खाली नेमणुकीसाठी उभे आहेत त्यांची रांग बुधवारी पाहून या. पळून कुठे जाणार? पगार, पगडी, निवृत्तीची तजवीज, सगळं त्याच ताटात आहे."

सफर १८

कचेरीला स्वतःची इमारत नाही, मुफ्ती असतील ती हवेली. म्हणून आज गाठोडी, दौती, पाट सगळं हमालांच्या पाठीवर नव्या साहेबांकडे. चढावर मला धाप लागली. नवे साहेब गोरे, बारीक बोटांचे. कुणाशी बोलले नाहीत. आमच्या रांगेपुढून जाताना फक्त बोटं मोजावीत तसे आमच्याकडे बघत गेले.

राजवाडा पुन्हा विचारणार. ज्यांनी 'नाही' म्हटलं त्यांना काढून यांना बसवलं, ते काय उगीच?

सफर २०

मला एक गोष्ट सुचली. सुचल्यापासून छाती हलकी झाली.

मी स्वतःच प्रश्न टाकणार. कचेरीतला म्हणून नाही, साध्या माणसासारखा. फत्वा हातात असला म्हणजे नूरुल्लाला तो वसुलीवाल्यापुढे धरता येईल. लोक अशीच फत्व्याची चिठ्ठी काझीपुढे धरतात. तशी आता काझीच धरेल!

पण प्रश्न पुरा हवा. अर्धी हकीकत सांगून आणलेल्या फत्व्याला किंमत नसते. समोरचा म्हणतो, प्रश्नातला झैद हा नव्हे. नाव तर गाळलंच जातं. घाबरायचं कशाला?

सफर २१

टाकला. मसुदेवाल्याला सांगितलं, दूरच्या नातलगाचं आहे. त्याने माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता लिहिलं: 'काझी झैदकडे कराचा हुकूम आला. लोकांची दैना पाहून त्याने तो वहीत न उतरवता आपल्यापाशी ठेवला, सुलतानाच्या दारी अर्ज केला, आणि उत्तर येईपर्यंत लोकांना थांबायला सांगितलं. एवढ्यावरून झैद बंडखोर ठरतो काय?'

इतर प्रश्नांच्या गठ्ठ्यात गेला. मीच प्रत काढली. फार सुंदर काढली.

सफर २३

'ठरत नाही.' खाली नव्या साहेबांची सही.

अल्लाचे आभार! नव्या साहेबांनीच! बारीक बोटांचे म्हणून मी मनात काय काय बोललो होतो. फत्वा खेचरवाल्याच्या पगडीत शिवून दिला. शहरिबान पहिल्यांदा हसली. म्हणाली, "म्हणजे तुमच्या अक्षराने शेवटी काहीतरी कामाचं केलं."

सफर २५

अमीनांनी आज बाजूच्या खोलीत बोलावलं. दार लावलं.

"सेफेर चाचा, परवाचा प्रश्न तुमचा होता."

"दूरचा नातलग —"

"तुमचा मुलगा काराबेलला काझी आहे. राजवाड्याच्या तक्रारीत गावाचं नाव काराबेल होतं. ते मीच गाळलं. कागदावर झैदला गाव नसतं, चाचा, माझ्या डोक्यात असतं. आणि तुमच्या प्रश्नाची गोष्ट मसुदेवाल्याने आधीच साहेबांच्या कानावर घातलीय."

मी खाली चटईवर बसलो.

"राजवाड्याकडे काय होतं? काझी म्हणतो हुकूम आलाच नाही, वसुलीवाला म्हणतो आला. शब्दाविरुद्ध शब्द. त्यावर पहिल्या साहेबांनी 'नाही' लिहिलं आणि नव्या साहेबांनासुद्धा 'हो' लिहिणं जड होतं. आता काझीचा बाप, या कचेरीतला माणूस, लिहून देतो की हुकूम आला, लपवला, लोकांना कर देऊ नका म्हटलं."

"थांबा म्हटलं! देऊ नका नाही म्हटलं, एफेंदी! आणि फत्वा तर आमच्या बाजूचा आहे, साहेबांच्या हाताचा —"

"आहे. तुम्ही विचारलंत बंडखोर ठरतो काय. नाही ठरत. ते खरंच आहे. आता राजवाडा विचारतोय: 'झैदने सुलतानाचा हुकूम हाती असून लपवला, पोचला नाही असं खोटं सांगितलं, त्याच्या शब्दावर गाव अडून बसलं, आणि सैन्याचं धान्य थांबलं. फसाद पसरवणारा म्हणून झैदचा वध कायदेशीर होतो काय?' तेही खरंच असेल. प्रश्न वेगळा, उत्तर वेगळं."

मी त्यांच्या अंगरख्याची कड धरली. म्हणालो, एक शब्द बदला. 'खोटं' काढा. नुसतं 'म्हणाला' लिहा. इतकी वर्षं तुम्हीच शब्द बदलता.

"पहिल्या वेळी बदलला होता," ते म्हणाले. "'पोचल्याचा पुरावा नसता' हे मीच घातलं होतं. त्याने साहेब गेले. या वेळी घातलं तर मीही जाईन, आणि माझ्या जागी जो बसेल तो काढून टाकेल. चाचा, मला तीन मुली आहेत."

वाईट माणूस नाही. तेच तर वाईट आहे.

प्रत काढायला मलाच दिली. पहिला कागद शाईने भिजला. दुसऱ्यावर 'झैद' लिहिलं आणि पुढे हात चालेना. तिसराही फुकट. अमीनांनी माझ्या हातातून बोरू घेतला आणि स्वतः बसून लिहिलं.

सफर २६

होते.

सफर २७

शहरिबानला सांगितलं नाही. तिने भरडलेल्या गव्हाचं बुलगुर केलं होतं. मी खाल्लं.

रबीउलअव्वल ३

फत्वा घेऊन राजवाड्याचा घोडेस्वार काराबेलला कधीच गेला असेल. खेचरवाला अजून वाटेत. घोड्यापुढे खेचर कसं पोचणार? पण पोरगा शहाणा आहे. कुणी सांगितलं तर रानात जाईल. भटक्या मेंढपाळांच्या तंबूत लपेल. किंवा वसुलीवाल्याला दया येईल. कुणालाही येऊ शकते.

शहरिबान विचारते, खेचरवाला आला का? नाही म्हणतो. ती म्हणते, तुमचं तोंड असं का झालंय?

रबीउलअव्वल १९

कचेरीत आज एक तरुण मिठाईचं ताट घेऊन आला. आबिद नाव. बरीच वर्षं दर बुधवारी काझी नेमणाऱ्या काझीअस्करच्या हवेलीत बाकावर बसून नेमणुकीची वाट बघणारा. नवं गाव मिळालं म्हणून सगळ्यांचे हात चुंबत फिरत होता. माझाही घेतला.

"दुआ द्या, चाचा! काराबेल मिळालं! लहान आहे, पण जागा चोख. बडतर्फीची जागा असली की जुना काझी पुन्हा अर्ज करत, रडत-भांडत येतो. ही तशी नाही. मृत्यूने रिकामी झाली. दावा सांगायला कुणी नाही."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुआसुद्धा दिली असावी.

नूरुल्ला, कारकुनांच्या चुका होतात. मला माहीत आहे, मी कारकून आहे. हे चुकीचं असेल तर कळव. एक ओळ. कुणाच्याही हाती. तुझी आई दारात बसलीय. लवकर कळव.