शेवट न सांगताही

अहो,

भात झाकून ठेवलाय. मी चिखलीला भैरूभाऊजींकडे निघालेय.

दुपारी तुमच्या कारखान्यातले दोघे आले होते. साप्ताहिकासाठी मी जिचं परीक्षण लिहितेय, त्या टोपणनावानं आलेल्या नव्या कादंबरीत, तुमच्या कारखान्यात झाला तसाच स्फोट कुणामुळे होतो, असं विचारत होते. "परीक्षणात शेवट सांगत नसतात," मी म्हटलं. तेव्हा एकानं टेबलावरचे कागदच उचलले. त्यात कथानक नव्हतंच. सुरुवातीचा प्रसंग, छोटी धारदार वाक्यं, भीती माणसांना हळूहळू कशी गप्प करते हा विषय आणि मधली प्रकरणं रेंगाळतात ही तक्रार, एवढंच. फक्त शैलीचा नमुना म्हणून एका कामगाराच्या तोंडचं वाक्य उतरवलं होतं. ते मोठ्यानं वाचून तो हसला. "वहिनी, असं बोलणारा आमच्या खात्यात एकच आहे." कागद घेऊनच गेले.

टोपणनावामागे आपले भाऊजी आहेत, हे मलाही तेव्हाच उमगलं.

त्यांना आजच गावी धाडते. परीक्षण पुन्हा लिहीन, त्या वाक्यावाचून. कुणी विचारलं तर मी माहेरी गेलेय म्हणा. त्या दोघांतला एक अजून कोपऱ्यावर उभा आहे, म्हणून मागच्या दारानं जातेय.

कौशल्या