सगळी मजाच आहे

दादा,

आई गेल्याला आज अठरा दिवस झाले आणि तू माझ्याशी बोलत नाहीस.

"आई कशी आहे? मी येऊ का?" असा तुझा मेसेज आला, तेव्हा मी तीन दिवस दवाखान्यातल्या बाकावर बसून होते. चिडून लिहिलं, "कशाला येतोस? इथे सगळी मजाच आहे. आई तर नाचतेय."

समोर असतास तर 'मजाऽच' असं ओढून म्हटलं असतं. माझा चेहरा बघून तू तिथेच थांबला असतास. फोनवर नुसती अक्षरं गेली. आईच्या पायाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून 'नाचतेय' म्हणजे ती चालायला लागली, असं तुला वाटलं. तू लिहिलंस, "वा, छान! आता तूही आराम कर." तुला खरंच आनंद झाला होता रे. मला वाटलं, उलटा टोमणा मारतोयस. मी फोनच बंद केला. 'चिडून बोलले, लगेच ये,' एवढं लिहायला काय झालं होतं मला? दुसऱ्या दिवशी आई गेली.

परवा तुला "माफ कर" असं लिहिलं. तू विचारलंस, "हाही टोमणाच का?" आपल्या घरात "माफ करा हं" कुणी कधी सरळ म्हटलंय? त्या दोन शब्दांना काय जोडू, म्हणजे ते तुला खरे वाटतील?

म्हणून हे पत्र देत नाही. तुझ्या जिन्यात बसलेय. आता बेल वाजवते. आधी माझा आवाज ऐक, मग हवं तर दार लाव.

तुझीच,
धाकटी